आरोग्य विमा पॉलिसीतील वगळलेल्या बाबी आणि क्लेमच्या अटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पॉलिसीचा मजकूर लोक आमच्याकडे तुकड्यांत पाठवतात. आधी एक्सक्लुजनचे, म्हणजे वगळलेल्या बाबींचे, पान येते, मग दुसऱ्या दिवशी शेड्यूलचा फोटो, मग ईमेलमधून उचललेला एखादा परिच्छेद. सोबतचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: “यात माझे ऑपरेशन बसते का?” एका तुकड्यावरून त्याचे उत्तर जवळजवळ कधीच देता येत नाही, कारण एका पानावर बंद केलेली गोष्ट दुसऱ्या पानावर उघडलेली असते, किंवा याच्या उलट. पुढचे प्रश्न भारतातील किरकोळ, म्हणजे व्यक्ती किंवा कुटुंबाने स्वतः घेतलेल्या पॉलिसींबद्दल आहेत. नोकरीतून मिळणाऱ्या ग्रुप पॉलिसीत प्रतीक्षा काळ, म्हणजे काही आजारांचा खर्च मिळण्याआधी थांबायची मुदत, बऱ्याचदा माफ केलेला असतो, त्यामुळे तिथे हे सगळे जसेच्या तसे लावू नये.

1. माझ्याकडे पॉलिसी तुकड्या-तुकड्यांत आहे. पूर्ण पॉलिसीत नेमके काय काय असते आणि काही राहिले आहे हे कसे ओळखायचे?

पाच गोष्टी हव्यात. पहिली शेड्यूल: त्यावर नावे, तारखा, विमा रक्कम आणि तुमच्यापुरत्या खास अटी असतात. दुसरी पॉलिसी वर्डिंग, म्हणजे व्याख्या, लाभ, एक्सक्लुजन, सर्वसाधारण अटी आणि क्लेमची पद्धत असलेला मोठा मजकूर. तिसरी परिशिष्टे, ज्यात न मिळणाऱ्या वस्तूंच्या याद्या असतात. चौथी एंडोर्समेंट, म्हणजे नंतर झालेल्या बदलांची पत्रे. पाचवी तुम्ही भरलेल्या प्रपोजल फॉर्मची प्रत. ही पाचवी गोष्ट लोकांकडे सहसा नसते, आणि क्लेमचा वाद नेमका तिथेच जाऊन अडतो. कंपनीकडे लेखी मागितली की ती मिळते.

तुकडे एकाच पॉलिसीचे आहेत का, हे प्रत्येक पानाच्या वर किंवा खाली छापलेल्या यूआयएन, म्हणजे त्या विमा योजनेच्या ओळख क्रमांकावरून कळते. या क्रमांकाच्या शेवटी V हे अक्षर, मग आवृत्तीचे दोन आकडे आणि नंतर आर्थिक वर्षाचे चार आकडे असतात. म्हणजे V032324 असेल तर ती तिसरी आवृत्ती, 2023-24 ची. शेड्यूलवर एक आवृत्ती आणि वेबसाइटवरून उतरवलेल्या वर्डिंगवर दुसरी, हे फार वेळा दिसते. अशा वेळी शेड्यूलवरच्या यूआयएनचे वर्डिंग मिळवूनच पुढे जा.

पीडीएफमधून मजकूर कॉपी केला की तीन गोष्टी हरवतात. तक्त्यांचे रकाने मोडतात, त्यामुळे “24 महिने” हा आकडा कुठल्या आजारासमोर होता ते कळत नाही. तळटीपा गळतात. आणि ठळक अक्षरे साधी होतात. शेवटची गोष्ट किरकोळ वाटते, पण बऱ्याच कंपन्या व्याख्या दिलेले शब्दच ठळक छापतात. तो ठळकपणा गेला की “हॉस्पिटल” हा शब्द आपण रोजच्या अर्थाने वाचून पुढे सरकतो (प्रश्न 9 पहा). कलमांचे क्रमांक मध्येच उडी मारत असतील तर मधले पान राहिले आहे असे समजा.

2. हे सगळे कोणत्या क्रमाने वाचायचे? मी थेट एक्सक्लुजनपासून सुरुवात केली आणि घाबरून गेलो.

एक्सक्लुजन सुरुवातीला वाचूच नका. आधी शेड्यूल घ्या आणि तीन तारखा वेगळ्या कागदावर लिहा: पहिली पॉलिसी कधी सुरू झाली, चालू वर्ष कधी सुरू झाले आणि विमा रक्कम कधी वाढवली. प्रतीक्षा काळ चालू वर्षाच्या नव्हे, तर पहिल्या पॉलिसीच्या तारखेपासून मोजतात.

मग लाभाचा परिच्छेद. जो खर्च लाभातच नाही, तो एक्सक्लुजनमध्ये नसला तरी मिळत नाही. त्यानंतर एक्सक्लुजन, आणि तेही वाक्याच्या शेवटापर्यंत. मजकूर इंग्रजीत असतो आणि त्यात ‘एक्सेप्ट’, ‘अनलेस’ किंवा ‘प्रोव्हायडेड’ हे शब्द आले की तिथून अपवाद सुरू होतो. ‘सब्जेक्ट टू’ दिसले तर ज्या कलमाचा उल्लेख आहे ते आधी शोधा. ‘अँड’ने जोडलेल्या अटी सगळ्या पूर्ण व्हाव्या लागतात, ‘ऑर’ने जोडलेल्यांपैकी एक पुरते.

सर्वात शेवटी एंडोर्समेंट. तुमच्यापुरता केलेला बदल छापील वर्डिंगपेक्षा वरचढ ठरतो. पॉलिसीसोबत येणारे ग्राहक माहितीपत्रक सुटसुटीत असते, ते जरूर वाचा. पण माहितीपत्रक आणि पॉलिसी यांत फरक निघाला तर पॉलिसीचा मजकूर धरला जातो, असे त्या पत्रकातच लिहिलेले असते.

3. Excl01, Excl04 असे कोड दिसतात. ते काय आहेत?

विमा नियामक आयआरडीएआयने 27 सप्टेंबर 2019 रोजी एक्सक्लुजनच्या शब्दरचनेचे प्रमाणीकरण केले. त्याआधी प्रत्येक कंपनी तीच गोष्ट आपापल्या शब्दांत लिहीत असे. आता Excl01 ते Excl18 या अठरा बाबींचा मजकूर सर्व कंपन्यांत जवळपास सारखा असतो, त्यामुळे क्लेम नाकारल्याच्या पत्रात कोड दिला असेल तर मूळ कलम लगेच सापडते. कोड नसलेली एक्सक्लुजन त्या कंपनीची स्वतःची असतात, आणि ती अधिक सावकाश वाचायला हवीत.

4. प्रतीक्षा काळ आणि कायमचे एक्सक्लुजन यात फरक कसा ओळखू?

पहिले तीन कोड काळाशी बांधलेले आहेत, मुदत संपली की अडसर दूर होतो. Excl01 आधीपासूनच्या आजारांसाठी आहे. Excl02 ठरावीक आजार आणि शस्त्रक्रियांसाठी आहे: मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध, पित्ताशयातील खडे, सांधेबदल अशी यादी असते. Excl03 म्हणजे सुरुवातीचे 30 दिवस, ज्यात अपघात सोडून इतर आजारांचे उपचार मिळत नाहीत.

1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार Excl01 आणि Excl02 या दोन्हींची कमाल मुदत 36 महिने आहे. पूर्वी ती 48 महिने होती. जुन्या वर्डिंगच्या तुकड्यात 48 हा आकडा दिसला तर नूतनीकरणाच्या वेळी बदललेले वर्डिंग मागवा.

Excl04 पासून पुढचे कोड मुदतीचे नाहीत, ते त्या उपचारालाच लागू असतात. आणखी एक प्रकार सहज नजरेतून सुटतो. काही गंभीर आजार आधीच असलेल्या व्यक्तीला, तिच्या संमतीने, तो आजार कायमचा वगळून पॉलिसी देता येते. हे एक्सक्लुजनच्या पानावर सापडत नाही, शेड्यूलमध्ये किंवा एंडोर्समेंटमध्ये त्या व्यक्तीच्या नावासमोर असते.

5. “आधीपासूनचा आजार” म्हणजे नक्की कोणता? मला कधीतरी रक्तदाब जास्त आला होता, गोळी सुरू नव्हती.

व्याख्येच्या तुकड्यात बघा. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत डॉक्टरांनी निदान केलेला, किंवा ज्यासाठी डॉक्टरांनी सल्ला वा उपचार सुचवले वा दिले, असा आजार. एकदा जास्त आलेले रीडिंग हे स्वतःहून निदान ठरत नाही. पण त्यावर डॉक्टरांनी “मीठ कमी करा, महिन्याने या” असे केस पेपरवर लिहिले असेल, तर तो सल्ला झाला.

यातली खरी मेख Excl01 च्या शेवटच्या ओळीत आहे. मुदत संपल्यावर आजार कव्हर होईल, पण तो अर्ज करताना जाहीर केलेला आणि कंपनीने स्वीकारलेला असेल तरच. म्हणजे न सांगितलेल्या मधुमेहाला 36 महिने उलटल्याचा आपोआप फायदा मिळत नाही. पॉलिसी हातात आल्यावर पहिले 30 दिवस फ्री-लूकचे, म्हणजे पॉलिसी तपासून नको असल्यास परत करण्याचे, असतात. राहिलेली माहिती त्या दिवसांत लेखी कळवणे सर्वात सोपे. नंतर लक्षात आले तरी कळवावेच, फक्त तेव्हा कंपनी अटी बदलू शकते.

6. आईला मधुमेह आहे आणि मोतीबिंदूचे ऑपरेशन करायचे आहे. कोणती मुदत लागेल, 24 महिन्यांची की 36?

मोतीबिंदू पॉलिसी घेताना नव्हता तर यादीतील मुदत, म्हणजे तुमच्या पॉलिसीत 24 लिहिले असेल तर 24. पॉलिसीच्या आधीच डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला होता, तर तो यादीतही आहे आणि आधीपासूनचाही आहे. अशा वेळी दोन्हींपैकी मोठी मुदत लागते, असे Excl02 मध्ये स्पष्ट लिहिलेले असते. मुदत संपली तरी मोतीबिंदूसाठी प्रति डोळा मर्यादा असू शकते आणि ती लाभाच्या तक्त्यात असते. उदाहरणार्थ, आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत ती विमा रकमेच्या 25 टक्के किंवा 40,000 रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढी आहे.

7. विमा रक्कम 5 लाखांची 10 लाख केली होती. तरी क्लेम कापला. असे का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, आणि इथेच चार वेगवेगळ्या पानांवरचे तुकडे एकत्र लागतात. एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू.

पहिली पॉलिसी 15 जून 2022 ची, रक्कम 5 लाख. मधुमेह जाहीर केलेला. 15 जून 2024 च्या नूतनीकरणाला रक्कम 10 लाख केली. पित्ताशयातील खड्यांसाठी 10 मार्च 2025 ला भरती, चार दिवस मुक्काम. पॉलिसीत Excl02 ची मुदत 24 महिने, Excl01 ची 36, खोलीची मर्यादा रोज विमा रकमेच्या 1 टक्का आणि को-पे, म्हणजे मान्य रकमेतला तुमचा वाटा, 10 टक्के.

पहिली पायरी: मधुमेहाचे 36 महिने अजून पूर्ण झालेले नाहीत. पण Excl01 तो आजार आणि त्याच्या थेट गुंतागुंती वगळते. पित्ताशयातील खडे ही मधुमेहाची थेट गुंतागुंत नाही, म्हणून या कलमाखाली पूर्ण क्लेम अडवता येत नाही. कंपनीने तसे केले तर “थेट गुंतागुंत” या शब्दांवर बोट ठेवून उत्तर मागा.

दुसरी पायरी: खडे हे Excl02 च्या यादीत आहेत. पहिल्या 5 लाखांसाठी 24 महिने 14 जून 2024 ला संपले. पण याच कलमात असेही लिहिलेले असते की रक्कम वाढवल्यास वाढीव भागाला मुदत नव्याने लागते. वाढीव 5 लाखांना भरतीच्या दिवशी जेमतेम नऊ महिने झाले होते. म्हणून या क्लेमसाठी 5 लाखच धरले जातात.

एवढ्यावर लोक म्हणतात, बिल तर 1,58,000 चे आहे, 5 लाख पुष्कळ झाले. अडचण तिसऱ्या पायरीत आहे. खोलीची मर्यादा टक्क्यांत असल्याने तीही सहसा त्याच 5 लाखांवर मोजली जाते. त्यामुळे रोज 10,000 नाही, 5,000 रुपये. उदाहरणातल्या रुग्णाने 10,000 समजून 8,000 ची खोली घेतली होती.

चौथी पायरी म्हणजे प्रमाणशीर कपात. खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली की खोलीशी जोडलेले खर्च, म्हणजे सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, डॉक्टरांच्या भेटी यांसारखे, त्याच प्रमाणात कापतात. औषधे व वापरून टाकण्याच्या वस्तू, शरीरात बसवलेली उपकरणे आणि तपासण्या यांवर ही कपात करता येत नाही. आयसीयूच्या शुल्कावरही नाही. प्रमाण इथे 5,000 भागिले 8,000, म्हणजे 62.5 टक्के.

आता हिशेब. खोली 32,000, त्यातले 20,000 मान्य. जोडलेले खर्च 80,000, त्यातले 50,000 मान्य. औषधे व तपासण्या 40,000, पूर्ण मान्य. न मिळणाऱ्या वस्तू 6,000, शून्य. मान्य रक्कम 1,10,000. त्यातून 10 टक्के को-पे वजा जाऊन कंपनीने 99,000 दिले. खिशातून गेले 59,000.

हीच व्यक्ती 5,000 च्या खोलीत राहिली असती, आणि हॉस्पिटलचे दर खोलीनुसार त्याच प्रमाणात उतरत असतील, तर बिल 1,16,000 झाले असते. कंपनीने तेव्हाही 99,000 च दिले असते. खिशातून मात्र 17,000 गेले असते.

एक वाट अजून उरते. जे हॉस्पिटल खोलीनुसार डॉक्टरांचे आणि ऑपरेशनचे दर बदलत नाही, तिथे प्रमाणशीर कपात लावता येत नाही. हॉस्पिटलचे दरपत्रक किंवा तसे पत्र मिळाले तर उदाहरणातले कापलेले 30,000 मान्य रकमेत धरायला लावता येतात, म्हणजे को-पे वजा जाऊन 27,000 परत मागता येतात. कपात झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा भरती होतानाच हे पत्र मागून ठेवा.

8. “फक्त तपासणीसाठी भरती” म्हणून क्लेम नाकारला. चार दिवस सलाइन लावली होती, तरी?

हे Excl04. मुख्यतः निदान आणि तपासणीसाठीच झालेली भरती त्यात वगळली जाते. ‘मुख्यतः’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ते कागदांवरून ठरते. टीपीएचे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेचे, डॉक्टर डिस्चार्ज समरीत तीन गोष्टी शोधतात: भरतीच्या वेळी रुग्णाची अवस्था काय होती, भरती करण्याचे वैद्यकीय कारण काय लिहिले आहे, आणि दिलेला उपचार बाहेर राहून घेता आला असता का. समरीत “छातीत दुखणे, तपासण्या नॉर्मल, घरी सोडले” एवढेच असेल आणि औषधे गोळ्यांचीच असतील, तर नकार जवळजवळ ठरलेला.

प्रत्यक्षात उपचार झाले होते पण समरीत उतरले नाहीत, हे खूपदा होते. उत्तर इनडोअर केस पेपरमध्ये असते. त्यात दर काही तासांनी नोंदलेला ताप, रक्तदाब, ऑक्सिजन आणि शिरेतून दिलेल्या औषधांच्या वेळा असतात. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडे लेखी अर्ज करून त्यांची प्रत घ्या, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून भरती का गरजेची होती याचे पत्र घेऊन दोन्ही एकत्र पाठवा. खोटी भर मात्र घालू देऊ नका. केस पेपर आणि पत्र जुळले नाही तर साधा नकार फसवणुकीच्या आरोपापर्यंत जातो.

याच कलमाचा दुसरा भाग लहान कपातींमागे असतो. आजाराशी संबंध नसलेल्या तपासण्या मिळत नाहीत. गुडघ्याच्या भरतीत केलेली थायरॉइडची चाचणी कापली गेली तर भूल देण्याआधी ती डॉक्टरांनी सांगितली होती का ते पाहा. सांगितली असेल तर ती चिठ्ठी जोडा.

9. हॉस्पिटल नोंदणीकृत आहे. तरी “हॉस्पिटलच्या व्याख्येत बसत नाही” असे कसे म्हणतात?

कारण नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे हे पॉलिसीतील व्याख्येत महत्त्वाचे असते, आणि तशी नोंदणी नसेल तर पर्यायी निकषांचा संच लागतो. स्थानिक प्राधिकरणाकडे क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायद्याखाली किंवा व्याख्येत नमूद केलेल्या इतर कायद्यांखाली नोंदणी असेल तर ते पुरते. तशी नसेल तर सर्व निकष पूर्ण हवेत: 10 लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या गावात किमान 10 खाटा, इतर ठिकाणी 15, चोवीस तास परिचारिका, चोवीस तास डॉक्टर, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रोजची रुग्णनोंद. आठ खाटांच्या चांगल्या नर्सिंग होमचे क्लेम इथे अडकतात. नियोजित ऑपरेशन असेल तर नोंदणीचा प्रकार आणि खाटांची संख्या आधी विचारा, प्रमाणपत्राची प्रत घ्या.

24 तासांची अटही व्याख्येतच असते. भरती सलग 24 तासांची हवी. डे-केअर उपचारांना ती लागू नाही, कारण तंत्रज्ञानामुळे जे ऑपरेशन 24 तासांच्या आत होते त्याची व्याख्या वेगळी दिलेली आहे. पण नुसती ओपीडीत लावलेली सलाइन डे-केअर ठरत नाही.

10. सौंदर्यशस्त्रक्रिया, लठ्ठपणा, चष्म्याचा नंबर: हे कधीच मिळत नाही ना?

कधीकधी मिळते. या कलमांच्या आतच दार ठेवलेले आहे.

Excl08 सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळते, पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना वगळत नाही. तसेच शरीराला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी ती गरजेची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित करावे लागते. Excl15 मध्ये 7.5 डायॉप्टरपेक्षा कमी नंबरासाठीचे उपचार वगळले आहेत; म्हणजे त्याहून जास्त नंबर असलेल्याला हे कलम लागू नाही.

लठ्ठपणाचे कलम Excl06 हे ‘अँड’ने जोडलेल्या अटींचे उत्तम उदाहरण. डॉक्टरांचा सल्ला, वय किमान 18, मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार केलेली शस्त्रक्रिया, आणि बीएमआय 40 किंवा अधिक. बीएमआय 35 किंवा अधिक असला तर सोबत गंभीर सहव्याधी हव्यात आणि कमी त्रासाचे उपाय अपयशी ठरलेले असावेत. शेवटच्या भागाचा पुरावा लोकांकडे नसतो. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या आणि वजनाच्या तारीखवार नोंदी जपून ठेवल्या तरच तो देता येतो.

Excl09 चा शब्द ‘व्यावसायिक’ असा आहे. सुट्टीत एकदा केलेल्या रॅपलिंगमध्ये झालेली इजा आणि व्यावसायिक गिर्यारोहकाची इजा या वेगळ्या गोष्टी आहेत. Excl18 प्रसूती वगळते, पण गर्भ गर्भाशयाबाहेर रुजला असेल तर तो उपचार वगळलेला नाही. अपघातामुळे झालेला गर्भपातही नाही. आणि Excl11 मधल्या, म्हणजे कंपनीने बाजूला काढलेल्या हॉस्पिटलांत, जीवावरच्या प्रसंगी किंवा अपघातानंतर रुग्ण स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो. तो संपूर्ण उपचाराचा मात्र नसतो.

11. हातमोजे, पीपीई, नोंदणी शुल्क कापले. हे कुठे लिहिले आहे?

परिशिष्टातल्या याद्यांमध्ये. पहिल्या यादीतल्या वस्तू रुग्णानेच भरायच्या असतात. दुसरी, तिसरी आणि चौथी यादी वेगळी आहे: त्यातल्या वस्तू अनुक्रमे खोलीच्या, शस्त्रक्रियेच्या आणि उपचाराच्या दरात धरलेल्या असतात. या वस्तूंचे वेगळे पैसे हॉस्पिटलने लावले असतील तर वाद कंपनीशी नाही, हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाशी आहे, आणि तो डिस्चार्जच्या आधी घालायला हवा. न मिळणाऱ्या वस्तूंसाठी ऍड-ऑन घेतले असेल तर ते शेड्यूलमध्ये दिसेल.

12. कळवायला उशीर झाला. क्लेम गेला का?

मुदती तुमच्या वर्डिंगमध्ये पाहा. आरोग्य संजीवनीत नियोजित भरतीसाठी किमान 48 तास आधी, आणि तातडीच्या भरतीत 24 तासांच्या आत किंवा डिस्चार्जच्या आधी, जे लवकर असेल तेव्हा कळवायचे असते. परतफेडीची कागदपत्रे डिस्चार्जपासून 30 दिवसांत द्यायची असतात. डिस्चार्जनंतरच्या उपचारांची बिले तो उपचार संपल्यापासून 15 दिवसांत.

मुदत चुकली म्हणून क्लेम आपोआप बाद होत नाही. अस्सल क्लेम केवळ उशिराच्या कारणाने नाकारू नयेत, असे नियामकाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकात सांगितले आहे. पण उशिराचे कारण पटणारे हवे आणि कागदावर हवे. रुग्ण आयसीयूत होता, घरात दुसरे कोणी नव्हते, अशा गोष्टी तारखांसह एका पानात लिहून क्लेमसोबतच द्या. कॅशलेससाठीही घड्याळ कंपनीला लागू आहे: 29 मे 2024 च्या मुख्य परिपत्रकानुसार विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. कॅशलेस नाकारणे म्हणजे क्लेम नाकारणे नव्हे. बिल भरून परतफेडीचा क्लेम करता येतो.

13. पाच वर्षे झाली की कंपनी काहीच नाकारू शकत नाही, हे खरे का?

अर्धे खरे. सलग 60 महिन्यांनंतर, म्हणजे मोरेटोरियम संपल्यावर, माहिती लपवली किंवा चुकीची दिली या कारणाने पॉलिसी वा क्लेमवर आक्षेप घेता येत नाही. सिद्ध झालेली फसवणूक हा अपवाद. पण को-पे, उपमर्यादा, खोलीची मर्यादा आणि Excl04 पासूनची कलमे पुढेही चालू राहतात. वाढवलेल्या रकमेचे 60 महिनेही वाढीच्या तारखेपासून स्वतंत्र मोजतात, प्रश्न 7 मधल्या दुसऱ्या पायरीसारखेच. मध्ये खंड पडू देऊ नका. वार्षिक हप्त्याला 30 दिवसांचा आणि मासिक हप्त्याला 15 दिवसांचा वाढीव काळ असतो.

14. नकाराचे पत्र आले. आता काय करू?

पत्रात कलम लिहिले आहे का ते आधी पाहा. नकार देताना पॉलिसीतील नेमकी अट सांगावी लागते, आणि कंपनीच्या क्लेम पुनरावलोकन समितीच्या मंजुरीशिवाय नकार देता येत नाही. “अटींनुसार अमान्य” एवढेच असेल तर कलम क्रमांक लेखी मागा.

कलम मिळाले की ते पूर्ण वाक्य, त्यातल्या प्रत्येक व्याख्येच्या शब्दाचा अर्थ आणि तुमच्या तीन तारखा एका पानावर मांडा. अपवाद लागू पडत असेल तर तो शब्दशः उतरवा आणि पुरावा जोडा. हे पत्र कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवा. नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. कंपनीच्या नकारापासून एक वर्षाच्या आत, 50 लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी. शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पण त्याच वादावर ग्राहक आयोगात किंवा न्यायालयात प्रकरण चालू असेल तर लोकपाल ते घेत नाही, म्हणून कुठे आधी जायचे हे अर्ज भरण्यापूर्वी ठरवा.